पावणेअठराचा सौदा

रक्कम वाचून तपासायची नसते, पोरी. ती पुन्हा काढायची असते. वाचताना डोळा जे अपेक्षेत आहे तेच बघतो, आणि टाईप केलेला आकडा इतका साफसूफ दिसतो की त्याच्यावर संशय घ्यायला मन धजत नाही. तू आता पेढीवर बसणार, दिवसाला पन्नास निरोप इकडून तिकडे जाणार. त्यातल्या ज्या निरोपात रुपये आहेत, त्याला बोट लावण्याआधी काय करायचं ते सांगतो. कोरडा उपदेश करत नाही, एक गोष्ट सांगतो. तीत सगळं येतं.

सांगलीच्या मार्केट यार्डातली एक हळदीची पेढी. नाव सांगत नाही, आणि त्या बाईंचंही सांगत नाही. सगळे त्यांना ताई म्हणायचे, आपणही तसंच म्हणू. ताई तिथं दिवाणजी. आता या हुद्द्याला अकाउंटंट म्हणतात, पण शेतकरी अजून दिवाणजीच म्हणतो आणि तेच बरं वाटतं. शेठचं शिक्षण जुनं. सौदा झाला की ते खिशातल्या चिठ्ठीवर चार शब्द लिहायचे आणि ती टेबलावर टाकून परत सौद्याला जायचे. त्या दिवशीची चिठ्ठी अशी होती: "६० क्वि. राजापुरी. पावणेअठरा. अ‍ॅड. पाव, २६६. बाकी माल पोचल्यावर ८ दिवसांत."

घेणारी कोचीची मसाल्याची कंपनी. गुजरातचा व्यापारी असता तर काही अडलं नसतं. त्यांच्याकडे "पोणा" आहे, हिंदीवाल्याकडे "पौने" आहे, "पौने अठारह" म्हटलं की त्याला बरोबर तेवढंच ऐकू येतं. पण कोचीशी सगळा व्यवहार इंग्रजीत. आणि इंग्रजीत आपल्या पावणे-सव्वाला जोडीदार शब्दच नाही, तिथं सरळ आकडाच घालावा लागतो. म्हणजे चिठ्ठीतला शब्द आणि निरोपातला आकडा यांच्यामध्ये कुणाच्या तरी डोक्यात एक हिशेब व्हावा लागतो. तो हिशेब कागदावर कुठंच दिसत नाही. चूक शिरते ती तिथूनच.

निरोप लिहिला होता नवीन लागलेल्या पोराने. बी.कॉम., इंग्रजी चांगलं, हात वेगवान, घरी मराठीच बोलणारा. शाळा मात्र इंग्रजी माध्यमाची. त्याने "पावणेअठरा" वाचलं, अठरा म्हणजे अठरा हजार आणि पावणे म्हणजे पाऊण असं धरलं, आणि दर टाकला क्विंटलला १८,७५०. साठाने गुणून एकूण ११,२५,०००. चौथाई अ‍ॅडव्हान्स २,८१,२५०. खाली अक्षरी रक्कमही लिहिली, कारण ती लिहावी हे त्याला शिकवलेलं होतं. कंपनीचं खरेदी खातं सहाला उठतं, पावणेसहा झाले होते, आणि निरोप संगणकावर व्हॉट्सअ‍ॅपच्या चौकटीत तयार पडला होता. ताईंनी नुसतं एन्टर दाबायचं बाकी.

आता तू म्हणशील, गुणाकार करून बघितला असता तर कळलं असतं. नसतं कळलं. साठ गुणिले १८,७५० बरोबर ११,२५,००० च येतात. त्याची चौथाई बरोबर २,८१,२५० च येते. अक्षरी आणि अंकी रक्कमही तंतोतंत जुळत होती. निरोपाच्या आत सगळं एकमेकांशी जुळलेलं होतं, आणि सगळंच चुकीचं होतं. दर एकदा चुकला की त्याच्यातून निघालेले बाकीचे तीन आकडे त्याच चुकीची री ओढतात. एकाच घरातले साक्षीदार कोर्टात कितीही जुळत बोलले तरी वकील विचारतो ना, बाहेरचा कोण आहे? तेच इथं. तपासणीचा आकडा बाहेरून यायला हवा. निरोपात जन्मलेला आकडा निरोप तपासायच्या कामाचा नाही.

बाजारभावावरूनही शंका आली नसती. त्या हंगामात बरी राजापुरी सतरा ते एकोणीस हजारांच्या दरम्यान खेळत होती. पावणेअठराही चालला असता, पावणेएकोणीसही. चूक भलतीच मोठी असती, एखादं शून्य वाढलेलं असतं, तर कुणीही ओरडलं असतं. जी चूक शक्य वाटणाऱ्या दोन आकड्यांमध्ये होते तीच निसटते.

ताईंची एक सवय होती. पैशाचा निरोप पाठवण्याआधी त्या मूळ चिठ्ठी कीबोर्डाशेजारी ठेवत, पडद्यावरच्या आकड्यांवर एक कागद धरत, आणि चिठ्ठीवरून आपल्या हाताने आकडे नव्याने लिहीत. दोन्ही शेजारी ठेवून तुलना करत नसत, कारण तुलना करताना परत डोळा फसतो. आणि सुरुवात शेवटच्या आकड्यापासून. दराकडे सगळ्यांचं लक्ष असतं, तो दहा वेळा वाचला जातो. अ‍ॅडव्हान्स, वाहतूक, वटाव अशा शेवटच्या ओळींकडे कुणी बघत नाही, म्हणून तिथं कुणाचा हातही लागलेला नसतो.

चिठ्ठीत शेवटची रक्कम होती २६६. व्यापारी हजार लिहीत नाही, तो समजून घ्यायचा असतो. म्हणजे दोन लाख सहासष्ट हजार. ताईंनी लिहिलं, पडद्यावरचा कागद काढला, आणि तिथं २,८१,२५०.

इथं बहुतेक जण एक चूक करतात. म्हणतात, शेठने अंदाजाने लिहिलं असेल, पोराने नीट हिशेब करून लिहिलंय, तेव्हा पोराचंच बरोबर. नीटनेटक्या आकड्याचा गोल आकड्यावर नेहमी विजय होतो. ताईंनी तसं केलं नाही. त्यांनी शेठच्या २६६ ला उलटं चालवलं. २,६६,००० ची चौपट १०,६४,०००. त्याला साठाने भागलं तर सतरा हजार सातशे तेहेतीसच्या आसपास. म्हणजे शेठच्या डोक्यात दर सतरा-साडेसातशेच्या आजूबाजूला होता, अठरा-साडेसातशे नव्हता. खरा हिशेब केला तर १७,७५० गुणिले ६० म्हणजे १०,६५,०००, त्याची चौथाई २,६६,२५०. शेठने वरचे अडीचशे सोडले होते, एवढंच. अडीचशे रुपये गोल करताना सुटतात. सव्वापंधरा हजार सुटत नाहीत.

मग त्यांनी दोन एकूण रकमांमधला फरक काढला. ११,२५,००० वजा १०,६५,०००, म्हणजे ६०,०००. आणि तो साठ क्विंटलांनी भागला. बरोबर एक हजार. ना नऊशे नव्वद, ना हजार वीस. अगदी हजार.

हे नीट लक्षात ठेव, कारण फरकाचा चेहरा बघून चूक कुठल्या जातीची आहे ते कळतं. पावणे चुकीने वरच्या बाजूला गेलं की फरक नेहमी एक पूर्ण एकक येतो. पावणेदोन लाखाचे पावणेतीन लाख झाले तर फरक एक लाख. पावणेदोनशेचे दोनशे पंचाहत्तर झाले तर शंभर. कारण एका बाजूला पाव कमी आणि दुसऱ्या बाजूला पाऊण जास्त, दोन्ही मिळून एक. साडे गळालं तर फरक बरोबर निम्मा एकक येतो, साडेचार लाखाचे चार लाख झाले तर पन्नास हजार. सव्वा गळालं तर पाव. आणि हे काहीच नसून फरक ९ ने नि:शेष भागला जात असेल, तर बहुधा दोन अंकांची अदलाबदल झालेली असते: ५४ चे ४५, ७१० चे १७०. ही युक्ती रोजमेळ जुळवणाऱ्या प्रत्येक जुन्या दिवाणजीला ठाऊक असते. कीर्द जुळली नाही की आधी फरक ९ ने भागायचा, मग निम्मा करून बघायचा, कारण नावेची रक्कम जमेला पडली असेल तर फरक दुप्पट येतो. साठ हजार ९ ने जात नाहीत, पण साठ क्विंटलांनी भागले की हजार येतात. म्हणजे बोटं चुकलेली नाहीत, शब्द चुकलेला आहे. दुसऱ्या कुणी लिहिला असता तरी त्याच जागी चुकला असता.

पोराला आपण काय म्हणायचं? काही म्हणायचं नाही. आमच्या पिढीला शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी पाठ करायला लावायचे. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. पंधरा औटं साडेबावन्न हे झोपेतही यायचं. ते पाढे गेले. कोणी दिडकी म्हणत नाही, त्यामुळे दीड हा शब्द राहिला पण त्याच्या मागचा हिशेब राहिला नाही. मग शब्द अंदाजाने वाचले जातात. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात एकवीसऐवजी वीस एक असं वाचायची सोय दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. मला त्यात फारसं वाईट दिसलं नाही. त्रेपन्न आणि त्रेसष्ट फोनवर ऐकायला किती सारखे वाटतात ते मी रोज अनुभवत होतो, पन्नास तीन आणि साठ तीन म्हटलं तर निदान गोंधळ नाही. पण लोक तसं बोलणार नाहीत. पेढीवर शेठ पावणेअठराच म्हणणार, आणि आपण ते ऐकायला शिकायचं.

तुझ्या पिढीला पावणे शिकवायचं झालं तर घड्याळ वापर. पावणेसहाची एसटी म्हटल्यावर कोणीही पावणेसातला स्टँडवर जात नाही, सगळ्यांना कळतं की सहाला पंधरा मिनिटं कमी. तेच पावणेअठरा. जो आकडा ऐकू येतो तो अजून व्हायचा आहे, तिथवर पोचायला पाव कमी आहे. पाव कशाचा, तर मागे जे एकक येतं त्याचा. हजार असेल तर अडीचशे कमी, लाख असेल तर पंचवीस हजार कमी, शंभर असेल तर पंचवीस. सव्वा उलटा, झालेल्या आकड्याच्या पुढं पाव. आणि साडे फक्त तीनपासून पुढं लागतं, त्याच्या अलीकडे दीड आणि अडीच. एवढ्या तीन-चार ओळी टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवल्यास तरी चालेल, लाज वाटायचं कारण नाही.

आता ताईंनी पुढं काय केलं ते ऐक, कारण चूक सापडणं हे अर्धं काम. त्यांना जवळजवळ खात्री होती की दर १७,७५० आहे. तरी त्यांनी तो स्वतः बदलून पाठवला नाही. चिठ्ठी शेठची होती, सौदा शेठचा होता. समजा शेठने मागाहून दर वाढवला असेल आणि अ‍ॅडव्हान्स जुनाच लिहिला असेल, तर? दोन आकडे जुळत नाहीत याचा अर्थ एवढाच की त्यांपैकी एक चूक आहे. कुठला, ते मालक सांगणार.

त्यांनी शेठला फोन लावला. आणि इथं विचारण्याची पद्धत बघ. "शेठ, दर पावणेअठराच ना?" असं विचारलं असतं तर शेठ "हो" म्हणाले असते, आणि पोरालाही "हो" म्हणाले असते. दोघांच्या डोक्यात वेगळे आकडे असताना एकाच शब्दावर दोघांचं एकमत झालं असतं. "सतरा सातशे पन्नास ना?" असं विचारलं तरी घाईतला माणूस अर्धं ऐकून "हो हो" म्हणतो. ताईंनी विचारलं:

"शेठ, कोचीच्या दराचा आकडा सांगा. शब्द नको, एकेक अंक सांगा."

"काय झालं?"

"काही नाही. निरोप जातोय, लिहून घेते."

"एक, सात, सात, पाच, शून्य."

"आणि अ‍ॅडव्हान्स?"

"दोन सहासष्ट. वरचे अडीचशे सोडून दे, कुठं मागत बसायचं."

म्हणजे दर कळला, आणि अडीचशे रुपये का गोल झाले तेही कळलं. उत्तर समोरच्याच्या तोंडून यायला हवं, आपल्या तोंडचं त्याने पास करून चालत नाही. दवाखान्यात रक्तगट विचारताना शहाणी माणसं हेच करतात, आपण सांगत नाहीत, वदवून घेतात.

निरोप दुरुस्त करताना ताईंनी नुसता दर खोडून नवा घातला नाही. पूर्ण निरोप पुसून पहिल्यापासून लिहिला. तुकडे जोडत बसलं की दर नवा आणि एकूण रक्कम जुनी राहते, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता कुणी निरोप दुरुस्त करतो म्हटलं की मी आधी शेवटची ओळ बघतो. आणि अक्षरी रक्कम त्यांनी अंकांवरून लिहिली नाही. शेठच्या बोलण्यावरून आधी अक्षरं लिहिली, सतरा हजार सातशे पन्नास, मग अंक. चेकवर अक्षर आणि अंक जुळले नाहीत तर अक्षरातली रक्कम खरी धरायची, असं १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टच्या अठराव्या कलमात आहे. यामागची समजूत अशी की अक्षरं लिहिताना माणूस विचार करतो. पण आपण अंक बघून अक्षरं उतरवली तर विचार कुठं झाला? मग ती अक्षरं म्हणजे अंकांची नक्कल, दुसरा पुरावा नाही.

आणखी एक ओळ त्यांनी घातली, ती मला फार आवडते. दरासमोर "क्विंटलला, म्हणजे किलोला १७७ रुपये ५० पैसे" असं लिहिलं. कोचीच्या खरेदी खात्यातला माणूस किलोत विचार करतो, आपला यार्ड क्विंटलमध्ये. दोन मापांत एकच दर लिहिला की समोरच्याला त्याच्या मापात लगेच जाणवतं की काही वावगं आहे का. तपासायला एक जास्तीचा माणूस फुकट मिळतो.

सहाला पाच कमी असताना निरोप गेला.

चुकीचा निरोप गेलाच असता तर काय, हेही तुला ठाऊक असायला हवं. १८,७५० चा निरोप गेला असता तर या वेळी फार काही बिघडलं नसतं, समोरच्याने दर ठरला होता त्यापेक्षा जास्त का असं विचारलं असतं, शेठची थोडी शोभा झाली असती. पण उलट दिशेने विचार कर. शेठने पावणेएकोणीस म्हटलं असतं आणि कुणी १७,७५० पाठवले असते तर? समोरच्याने तत्काळ "मान्य" असं उत्तर टाकलं असतं. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं पाचवं कलम असं आहे की प्रस्ताव, समोरच्याने स्वीकार पाठवण्याआधीच मागे घेता येतो. स्वीकार निघून गेला की प्रस्ताव करणाऱ्याचा रस्ता बंद. आणि बाविसावं कलम सांगतं की एकाच बाजूची चूक झाली एवढ्यावरून करार रद्द करता येत नाही. म्हणजे त्या साठ हजारांचं नुकसान पेढीचंच.

याला एक सवलत आहे, पण ती भरवशाची नाही. इंग्लंडमध्ये १९३९ साली एक खटला झाला होता, अर्जेंटिनाच्या तीस हजार सशांच्या कातड्यांचा. बोलणी सगळी नगावर चालली होती, पण विक्रेत्याने लेखी देताना चुकून नगाऐवजी पौंडाचा दर लिहिला. एका पौंडात साधारण तीन कातडी बसतात, म्हणजे माल एकतृतीयांश भावात जात होता. घेणाऱ्याने झडप घातली. कोर्टाने म्हटलं, त्या धंद्यात असलेल्या माणसाला ही चूक आहे हे कळायलाच हवं होतं, त्यामुळे त्याला त्याचा फायदा घेता येणार नाही. चूक इतकी ढळढळीत होती म्हणून विक्रेता वाचला. पावणेअठरा आणि पावणेएकोणीस यांतली चूक ढळढळीत नसते, आणि कोचीचा माणूस म्हणेल, मला वाटलं बाजार पडला.

तेव्हा निरोप गेलाच आणि मागून कळलं तर व्हॉट्सअ‍ॅपवर तो गुपचूप संपादित करत बसू नकोस. पंधरा मिनिटांच्या आत तशी सोय आहे हे खरं, पण समोरच्याने पहिला वाचला असेल तर तुझा बदल त्याला कदाचित दिसणारच नाही, आणि उद्या कुठला निरोप खरा यावर वाद होईल. पहिला फोन. फोनवर स्पष्ट सांगायचं की आधीचा दर चुकीचा आहे, तो धरू नका. लगेच नवा निरोप, त्यात जुन्याची वेळ आणि जुना आकडा लिहून तो रद्द केल्याचं लिहायचं, मग नवा. आणि उत्तरात समोरच्याकडून नवा आकडा लिहून घ्यायचा. नुसता अंगठा दाखवला तर चालणार नाही, कुठल्या निरोपाला दाखवला ते कळत नाही.

परदेशाशी व्यवहार पडला तर आणखी दोन गोष्टी. तिथं लाख-कोटी नाहीत. दहा लाखाचा एक मिलियन होतो, म्हणून साडेदहा लाखाचे १०.५ मिलियन लिहिलेस तर रक्कम दहापट झाली. हे चुकायचं कारण ठराविक आहे: माणूस आकडा तसाच ठेवतो आणि फक्त मागचा शब्द बदलतो. म्हणून शब्दाशब्दाचं भाषांतर करायचंच नाही. आधी पूर्ण शून्यांसकट आकडा मांडायचा, १०,५०,०००, मग स्वल्पविराम तीन-तीन अंकांवर हलवायचे, मग नाव द्यायचं. आणि जर्मनी, फ्रान्स, इटलीकडच्या माणसाला दशांश लिहिताना स्वल्पविराम वापरायची सवय असते, हजार वेगळे करायला त्यांच्यातले बरेच जण टिंब घालतात. आपण १.७५ लिहिलं तर तिकडे त्याचा अर्थ वेगळा लागू शकतो. बँकेचे परदेशी पैशाचे निरोप स्विफ्टच्या जुन्या साच्यातून जायचे तिथंही रकमेत दशांशासाठी स्वल्पविरामच असायचा आणि हजारांसाठी काहीच खूण नसायची. म्हणून बँकेला फॉर्म देताना आपल्या पद्धतीचे स्वल्पविराम घालून दिलेली रक्कम तिथला कारकून कशी वाचतो ते समोर बसून बघ.

त्या पोराचं काय झालं विचारशील. ताईंनी त्याला दुसऱ्या दिवशी चिठ्ठी आणि त्याचा पहिला निरोप दोन्ही दाखवले. त्याने पावणे म्हणजे काय ते विचारलं आणि ताईंनी सांगितलं. मग सौद्याच्या वहीत एक खाना वाढवला. डाव्या बाजूला शेठचा शब्द जसाच्या तसा, त्याच्या शेजारी अंकांत रक्कम, आणि तिसऱ्या खान्यात ज्याने शेठच्या तोंडून ती वदवून घेतली त्याची सही. पहिल्या महिन्यात त्या तिसऱ्या खान्यात जवळजवळ सगळीकडे त्या पोराचीच सही होती. शेठ वैतागायचे. "अरे, किती वेळा तेच विचारतोस," म्हणायचे, आणि अंक सांगायचे.